गॅलरीतल्या पहिल्या एकल प्रदर्शनाची प्रेस नोट: कागद जमवण्यापासून छापून येईपर्यंत

गावात नवी छोटी गॅलरी सुरू झाली की पहिली काही प्रदर्शनं बहुतेक समूह प्रदर्शनं असतात. दहा चित्रकार, प्रत्येकाची दोन-तीन चित्रं आणि उद्घाटनाला प्रत्येकाचं गणगोत. गर्दीची काळजी नसते. एकल प्रदर्शन ठरलं की प्रश्न बदलतो. आता आठवडाभर एकाच माणसाच्या कामासाठी लोक यायला हवेत, आणि तो माणूस गावातलाच असला तरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर त्याचं नाव कुणाला माहीत असेलच असं नाही. तिथे तुमच्या वतीने जे काही बोलायचं ते प्रेस नोटच बोलते.

मी कोल्हापुरात राहते आणि गेली काही वर्षं लहान गॅलऱ्यांसाठी अशा नोटा लिहून देते. पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना सगळं क्रमाने कळावं म्हणून एकच प्रदर्शन उदाहरणादाखल धरते आणि शेवटपर्यंत तेच चालवते. करवीर तालुक्यातली एक चित्रकर्ती, शाळेत चित्रकला शिकवणारी. तिने गुऱ्हाळांवर चित्रं काढली आहेत. प्रदर्शनाचं नाव 'काहील', म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी कढई. चित्रं २७, कॅनव्हासवरची तैलरंगातली १९ आणि कागदावरची चारकोलमधली ८. प्रदर्शन ९ ते १७ जानेवारी २०२७. नावांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत, तिथे तुमची भरा.

१. आधी कागद जमवा

कोरी फाइल उघडून बसू नका. पुढच्या गोष्टी हाताशी आल्याशिवाय एक ओळही लिहू नये असं माझं मत आहे, कारण अर्धवट माहितीवर लिहिलेली नोट नंतर दुरुस्त करताना जुनी तारीख एखाद्या कोपऱ्यात तशीच राहून जाते.

- चित्रांची यादी: नाव, वर्ष, माध्यम, आकार
- चित्रकाराची माहिती: शिक्षण, आधीची प्रदर्शनं, पुरस्कार असल्यास वर्षासकट
- नावाचं शुद्धलेखन, चित्रकाराने स्वतः लिहून दिलेलं
- प्रमुख पाहुण्यांचा होकार, त्यांचं पूर्ण नाव आणि सध्याचं पद
- गॅलरीचा पत्ता, जवळची ठळक खूण, सुट्टीचा वार
- चित्रांचे फोटो आणि ते छापायला चित्रकाराची लेखी परवानगी, व्हॉट्सअॅपवर असली तरी चालेल
- ज्याला बातमीदार फोन करू शकेल असा एक नंबर

यादीतला आकार नेहमी उंची आधी, रुंदी नंतर असा लिहितात. '३० × ४८ इंच' म्हणजे आडवं चित्र. उलट लिहिलंत तर पुरवणीचा मांडणीकार उभी जागा सोडून बसतो. आकार चौकटीसह आहे की चौकटीशिवाय, हेही विचारून घ्या. सहसा चौकट धरत नाहीत.

माध्यमाचं नाव चित्रकारालाच विचारा. वर्तमानपत्री भाषेत कॅनव्हासवरच्या कुठल्याही चित्राला सर्रास 'तैलचित्र' म्हणतात, मग ते ॲक्रिलिक का असेना. नोटेत माध्यम नीट लिहिलेलं असलं तर निदान चूक तुमच्याकडून झालेली नसते.

२. चित्रकाराशी बोला, पण 'संकल्पना काय' असं विचारू नका

'तुमच्या प्रदर्शनाची संकल्पना सांगा' म्हटलं की चांगली चित्रकारही एकदम अवघड बोलू लागते. माणूस आणि निसर्ग, श्रम आणि सौंदर्य, परंपरा आणि आधुनिकता. यातलं काहीच चुकीचं नसतं, पण ते कुठल्याही प्रदर्शनाला लागू पडतं.

त्याऐवजी हाताला लागतील असे प्रश्न विचारा. पहिलं चित्र कुठे बसून काढलंत? सकाळी की रात्री? तिथली माणसं काय म्हणाली? कुठलं चित्र जमत नव्हतं?

आपल्या उदाहरणात हे संभाषण साधारण असं होईल:

"मॅडम, यातली बरीच चित्रं काळोखातली आहेत. असं का?"

"अहो, गुऱ्हाळ रात्रभर चालतं ना. दिवसा गेलं की नुसता धूर आणि चिपाडांचे ढीग. रात्री चुलवाणाचा उजेड खालून येतो. गुळव्या काहिलीवर वाकला की त्याची हनुवटी उजळते आणि कपाळ अंधारात राहतं. शाळेत मुलांना आम्ही उजेड नेहमी वरून शिकवतो. इथे सगळं उलटं."

नोटेचा गाभा इथेच मिळाला. उजेड खालून येतो, हनुवटी उजळते. असं वाक्य दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनाच्या नोटेत सापडणार नाही. बोलताना फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. घरी जाऊन आठवून लिहिलेलं अवतरण हटकून पुस्तकी होतं.

३. विषय डोळ्यांना दिसेल असा लिहा

आता त्या बोलण्यातून विषयाचं एक वाक्य करायचं. माझी कसोटी अशी की ते वाक्य वाचून चित्र न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहिलं पाहिजे.

हे वाक्य बघा: 'ग्रामीण जीवनातील श्रमसंस्कृतीचा वेध घेणारी चित्रे.' यात गुऱ्हाळ नाही, रात्र नाही, चित्रकर्तीने काय पाहिलं तेही नाही. आता हे: 'रात्री चुलवाणाच्या उजेडात काहिलीभोवती चालणारे गुऱ्हाळाचे काम टिपणारी चित्रे.' लांबी जवळपास तेवढीच, पण बातमीदाराला मथळा मिळाला आणि वाचकाला कुतूहल.

चित्रं अमूर्त असली तर काय, हा प्रश्न हमखास येतो. तेव्हाही दिसणारंच सांगा: रंग किती, थर जाड की पातळ, ब्रश वापरलाय की नाइफ, आकार मोठे की वहीच्या पानाएवढे. 'अंतर्मनाचा प्रवास' वगैरे लिहिलंत की उपसंपादकाची कात्री पहिल्यांदा तिथेच पडते.

याच टप्प्यावर एक मोह होतो. कोल्हापूरचा चित्रकार म्हटलं की अबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची नावं घेऊन 'या थोर परंपरेचा वारसा पुढे नेणारे' असं लिहावंसं वाटतं. खरा धागा असेल तर जरूर लिहा. चित्रकर्ती इथल्या एखाद्या कलासंस्थेत शिकली असेल, तिचे गुरू त्या परंपरेतले असतील, किंवा तिने अबालाल यांच्या निसर्गचित्रांचा अभ्यास केला असेल, तर ते एका वाक्यात सांगता येतं. नुसतं गाव एक आहे एवढ्यावर वारसा सांगू नये. जाणकार वाचक हसतात, आणि पहिल्याच प्रदर्शनात चित्रकर्तीच्या डोक्यावर नको ते ओझं येतं.

गुळाबद्दलची माहितीही अशीच खुणावते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे खरं आहे आणि रंजकही आहे. पण ती चित्रांची बातमी नव्हे. पुरवणीला पाठवताना खाली वेगळी टीप म्हणून द्या. शहर पानाच्या नोटेत तिला जागा नाही.

४. 'पहिले' म्हणजे कोणाचे पहिले?

'गॅलरीचे पहिले एकल प्रदर्शन' आणि 'चित्रकाराचे पहिले एकल प्रदर्शन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छापून येताना त्यांची सरमिसळ होतेच. आपल्या उदाहरणात दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत लिहायचं. चित्रकर्तीचं 'पहिले' वरच्या परिच्छेदात, गॅलरीचं खाली.

चित्रकाराला सरळ विचारा: याआधी कुठे एकट्याची चित्रं लावली होती का? कॉलेजच्या हॉलमध्ये, शाहू स्मारक भवनात, बँकेच्या सभागृहात, कुठेही? पुष्कळदा उत्तर येतं, 'हो, एकदा दोन दिवस लावली होती, पण ते काही प्रदर्शन नव्हे.' तुमच्या दृष्टीने नसेल, पण ते पाहिलेला माणूस बातमी वाचून फोन करतो. अशा वेळी 'गॅलरीतील पहिले एकल प्रदर्शन' किंवा नुसतं 'एकल प्रदर्शन' लिहावं. आणि 'जिल्ह्यातील पहिलेच', 'असा प्रयोग प्रथमच' ही वाक्यं सिद्ध करता येत नसतील तर काढून टाका.

५. तारखा: इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो

'९ ते १७ जानेवारी, सकाळी ११ ते रात्री ८' ही ओळ निर्दोष दिसते. आता तिच्यातली भोकं बघू.

९ तारखेला उद्घाटन संध्याकाळी साडेपाचला आहे. मग त्या दिवशी सकाळी अकराला कुणी आलं तर? भिंतीवर अजून चित्रं टांगणं चाललेलं असेल. गॅलरी सोमवारी बंद असते, म्हणजे ११ तारीख गेली. शेवटच्या दिवशी चित्रं उतरवायची असतात, म्हणून १७ ला सहा वाजताच दार लागणार. वर्तमानपत्रात वाचून गारगोटीहून आलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं.

म्हणून नोट लिहिण्याआधी एका कागदावर रोजचा दिवस मांडा. वार, तारीख, उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ. मग त्यातून वाक्य तयार करा:

शनिवार, ९ जानेवारी २०२७: सायंकाळी ५.३० वाजता उद्घाटन, त्यानंतर रात्री ८ पर्यंत खुले. रविवार, १० जानेवारीपासून रोज सकाळी ११ ते रात्री ८. सोमवार, ११ जानेवारी रोजी बंद. शेवटचा दिवस रविवार, १७ जानेवारी, सायंकाळी ६ पर्यंत.

वार नेहमी तारखेसोबत लिहा आणि कॅलेंडर उघडून ताडून बघा. वार आणि तारीख जुळत नसेल तर चांगला उपसंपादक फोन करतो. घाईतला उपसंपादक दोन्हींपैकी एक काढून टाकतो, आणि कोणतं काढेल ते आपल्या हातात नसतं. नुसतं 'रविवारपर्यंत' असंही लिहू नका. आपल्या प्रदर्शनात रविवार दोन आहेत.

'आज', 'उद्या', 'येत्या शनिवारी' हे शब्द नोटेत अजिबात नकोत. तुम्ही सोमवारी पाठवलेली नोट बुधवारी लागेल की शुक्रवारी, ते तुम्हाला माहीत नसतं. 'उद्या' लिहायचं काम डेस्कचं. कुठलं वर्तमानपत्र 'ता.' लिहितं, कुठलं 'दि.', याचीही चिंता करू नका. ज्याची त्याची पद्धत असते आणि ते आपापल्या परीने बदलून घेतात.

तारीख ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल तर बातमीचाही थोडा विचार करावा. 'काहील' संक्रांतीच्या आठवड्यात येतं. तिळगुळाच्या दिवसांत गुऱ्हाळावरच्या चित्रांची बातमी पुरवणीला हवीच असते, आणि गुऱ्हाळांचा हंगामही तेव्हा भरात असतो. हेच प्रदर्शन जूनमध्ये लावलं असतं तर एवढा दरवाजा उघडला नसता.

६. सूर

प्रेस नोट म्हणजे निमंत्रण नव्हे आणि समीक्षाही नव्हे. ती बातमीच्या भाषेत लिहायची: तृतीय पुरुषी, लेखी मराठीत. म्हणजे 'चित्रं' नाही, 'चित्रे'. 'आम्ही भरवत आहोत' नाही, 'भरणार आहे'. उपसंपादकाला प्रत्येक क्रियापद बदलावं लागलं तर तो नोट बाजूला ठेवतो आणि पुढची उचलतो.

काही शब्द मी पाहताक्षणी खोडते. 'रंगांची मुक्त उधळण', 'कुंचल्यातून साकारलेले', 'कलारसिकांसाठी पर्वणी', 'अवलिया कलावंत', 'सुप्रसिद्ध'. शेवटच्याबद्दल एवढंच की जो सुप्रसिद्ध असतो त्याच्याबद्दल तसं सांगावं लागत नाही. पहिलं एकल प्रदर्शन करणाऱ्या शिक्षिकेला 'ख्यातनाम' म्हटलं तर वाचकाला खोटेपणा लगेच जाणवतो, आणि खरी गोष्ट, की ती शाळा सांभाळून रात्री गुऱ्हाळावर जात होती, ती मागे पडते.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. नवखी चित्रकार म्हणून 'एक छोटासा प्रयत्न', 'नवोदित कलाकाराला प्रोत्साहन द्यावे' असा विनवणीचा सूर लागतो. चित्रकार पंचेचाळीस वर्षांची असेल आणि वीस वर्षं चित्रं काढत असेल तर ती नवोदित नाही. प्रदर्शन पहिलं आहे, चित्रकार नवी नाही. हा फरक नोटेत सांभाळा.

चित्रकाराचं अवतरण एकच आणि दोन-तीन वाक्यांचं. गॅलरीचालकाचं अवतरण मी घालत नाही. 'स्थानिक कलाकारांना व्यासपीठ देण्याचा आमचा मानस आहे' हे वाक्य प्रत्येक गॅलरीचालक बोलतो आणि कुणीही वाचत नाही.

विक्रीबद्दल एक सावधगिरी. नोटेत चित्रांच्या किमती आल्या, 'सवलतीत उपलब्ध' वगैरे आलं, तर ती नोट संपादकीय विभागातून जाहिरात विभागाकडे जाते आणि तुम्हाला दरपत्रकासाठी फोन येतो. किमतींची यादी गॅलरीत ठेवा. नोटेत फक्त 'प्रवेश विनामूल्य' पुरे.

७. आता पूर्ण नोट

रचनेचा एकच नियम आहे: उपसंपादक खालून कापतो. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या वरचा. म्हणून पहिल्या परिच्छेदातच विषय, चित्रकार, ठिकाण, तारखा आणि वेळ आलं पाहिजे. बाकी सगळं गेलं तरी चालेल अशा तयारीने लिहा.

---

कृपया प्रसिद्धीसाठी
दिनांक: ४ जानेवारी २०२७

गुऱ्हाळाच्या रात्री कॅनव्हासवर
कोल्हापुरात ९ जानेवारीपासून 'काहील' चित्रप्रदर्शन

कोल्हापूर: रात्री चुलवाणाच्या उजेडात चालणारे गुऱ्हाळाचे काम टिपणाऱ्या चित्रांचे 'काहील' हे प्रदर्शन शनिवार, ९ जानेवारी ते रविवार, १७ जानेवारी २०२७ या काळात (गॅलरीचे नाव, परिसर) येथे भरणार आहे. चित्रकार (नाव) यांचे हे पहिले एकल प्रदर्शन आहे. १० जानेवारीपासून ते रोज सकाळी ११ ते रात्री ८ या वेळेत सर्वांसाठी विनामूल्य खुले राहील. सोमवारी (११ जानेवारी) गॅलरी बंद असेल, तर अखेरच्या दिवशी प्रदर्शन सायंकाळी ६ पर्यंत पाहता येईल.

प्रदर्शनात तैलरंगातील १९ चित्रे आणि चारकोलमधील ८ रेखाटने आहेत. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळांवर गेल्या तीन हंगामांत जाऊन (आडनाव) यांनी ही चित्रे काढली. काहिलीवर वाकलेला गुळव्या, चुलवाणात चिपाडे सारणारे हात, पहाटे थंड होत असलेला गूळ आणि बाजूला झोपलेली मुले असे प्रसंग त्यांत दिसतात. रेखाटने गुऱ्हाळावरच केलेली असून काही कागदांवर काजळी आणि पाकाचे डाग तसेच ठेवले आहेत.

"गुऱ्हाळात रात्री उजेड खालून येतो. गुळव्या काहिलीवर वाकला की त्याची हनुवटी उजळते आणि कपाळ अंधारात राहते. शाळेत आम्ही मुलांना उजेड नेहमी वरून शिकवतो, इथे सगळे उलटे होते," असे (आडनाव) यांनी सांगितले.

प्रदर्शनाचे उद्घाटन शनिवार, ९ जानेवारी रोजी सायंकाळी ५.३० वाजता (पाहुण्यांचे पद व नाव) यांच्या हस्ते होईल. त्यानंतर रात्री ८ पर्यंत प्रदर्शन खुले असेल.

(नाव) या (शाळेचे नाव) येथे चित्रकला शिक्षिका आहेत. त्यांची चित्रे याआधी समूह प्रदर्शनांत मांडली गेली आहेत. (गॅलरीचे नाव) या कलादालनातील हे पहिलेच एकल प्रदर्शन आहे.

संपर्क: (नाव, मोबाइल क्रमांक). चित्रांचे फोटो सोबत जोडले आहेत.

---

ही नोट ए-फोर कागदाच्या एका पानात बसते. त्याहून मोठी करू नका. अवतरणात 'राहतं' सारखी बोली रूपं लेखी केली आहेत. तेवढा बदल चालतो, पण तो चित्रकाराला दाखवून मगच. गावांची, माणसांची नावं घेतली असतील तर गुऱ्हाळमालकाला विचारलं आहे का, तेही याच वेळी बघा. काहिलीच्या शेजारी झोपलेलं पोर कुणाचं तरी असतं.

प्रमुख पाहुणे चौथ्या परिच्छेदात आहेत, ते मुद्दाम. पाहुण्यांना वर घेतलं की मथळा 'अमुक यांच्या हस्ते उद्घाटन' असा होतो आणि चित्रकर्ती उरली तर शेवटच्या ओळीत उरते. पाहुण्यांचे लोक कधी कधी याबद्दल कुरकुर करतात. निमंत्रण पत्रिकेवर त्यांचं नाव मोठं छापा, नोटेत क्रम बदलू नका.

८. फोटो

तीन पुरेत: दोन चित्रांचे आणि एक चित्रकर्ती चित्राजवळ असतानाचा.

तैलरंगाला चकाकी असते, म्हणून फ्लॅश बंद. चित्र दिवसा सावलीत, मोकळ्या उजेडात भिंतीला टेकवा आणि कॅमेरा चित्राच्या मधोमध, समांतर धरा. जरा वरून घेतला तर चौकोन खाली निमुळता होतो. भिंत, चौकट, कुणाचा तरी हात सगळं कापून फक्त चित्र ठेवा.

'काहील'सारख्या काळोख्या चित्रांत एक धोका आहे, आणि तो फोन बघून कळत नाही. स्क्रीनवर अंधारातले तपकिरी, जांभळे थर सुरेख दिसतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सगळं मिळून एक काळा ठोकळा उरतो. आतल्या पानावर कृष्णधवल छापलं तर विचारूच नका. पाठवण्याआधी फोनमध्येच तो फोटो कृष्णधवल करून, लहान करून बघा. गुळव्याचा चेहरा आणि काहिलीची कड तरीही ओळखू आली तर तो फोटो चालेल. नाहीतर गॅलरीतलं सगळ्यात चांगलं चित्र बाजूला ठेवून उजळ चित्र निवडा.

फाइलचं नाव `IMG_2047.jpg` असं ठेवू नका; `kaahil-gulavya.jpg` असं काहीतरी द्या आणि फोटोओळ ईमेलमध्येच लिहा: 'गुळव्या', २०२५, कॅनव्हासवर तैलरंग, ३० × ४८ इंच. चित्र आधीच विकलं गेलं असेल आणि मालकाकडून प्रदर्शनासाठी आणलं असेल तर 'खासगी संग्रह' असं जोडा आणि त्यांना आधी कळवा.

९. पाठवणं

पुढारी, सकाळ, लोकमत, तरुण भारत यांच्या कोल्हापूर आवृत्त्यांना शहर पानासाठी, त्यांच्या पुरवण्यांना आणि आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्राला, असे तीन वेगळे पत्ते समजा. पुरवणीची पानं आधी लागतात, म्हणून तिकडे दोन आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा. शहर पानासाठी सोमवार, ४ जानेवारी योग्य. फार आधी पाठवलेली नोट विसरली जाते, आदल्या दिवशी पाठवलेली लागत नाही.

६ जानेवारी टाळा. १८३२ मध्ये याच दिवशी 'दर्पण' सुरू झालं म्हणून महाराष्ट्रात तो पत्रकार दिन असतो. बातमीदार सत्कार समारंभांत असतात, आणि त्या दिवशी केलेला 'नोट मिळाली का' हा फोन कुणालाच आवडत नाही.

नोट युनिकोड मराठीत टाइप करा आणि ईमेलच्या मजकुरातच पेस्ट करा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये केलेली फाइल समोरच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते. नुसती पीडीएफ किंवा लेटरहेडचा फोटो पाठवला तर कुणाला तरी तो मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो, आणि तारखेतली चूक नेमकी तिथे शिरते. लेटरहेडवरची सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडायची असेल तर जोडा, पण मजकूर वेगळा हवाच. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो.

फोन करायचाच असेल तर सकाळी अकरानंतर दुपारपर्यंत. संध्याकाळी पानं लागत असतात. फोनवर एकच वाक्य: "नमस्कार सर, संक्रांतीच्या आठवड्यात गुऱ्हाळांवरच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, त्याची नोट काल ईमेल केली आहे, काही अजून हवं असेल तर सांगा." 'लावाल ना?' असं विचारू नका.

१०. उद्घाटनाच्या संध्याकाळी दुसरी नोट

पहिली नोट लागली नाही तरी उद्घाटनाची बातमी लागू शकते, कारण तोवर ती घडलेली घटना असते. तिचा सांगाडा आदल्या दिवशीच तयार ठेवा: पहिलं वाक्य, तारखा, गॅलरीचं नाव. मोकळी जागा फक्त पाहुणे काय बोलले त्यासाठी. 'उद्घाटन उत्साहात संपन्न झाले' असं मात्र आधी लिहून पाठवून देऊ नका. पाहुणे आलेच नाहीत असंही होतं.

एका माणसाला फक्त फोटो आणि नावं एवढंच काम द्या. समईसमोरच्या फोटोतले सगळे जण डावीकडून उजवीकडे, त्याच क्षणी लिहून घ्यायचे. रात्री घरी बसून 'तो चेकचा शर्टवाला कोण' म्हणत फोन फिरवण्यात तास जातो. पाहुण्यांच्या भाषणातलं एक वाक्य उतरवा, चित्रांबद्दलचं. शक्य झालं तर फोटो चित्रासमोरचा निवडा, म्हणजे समईबरोबर गुळव्याही छापला जातो. साडेसातच्या आत ही नोट गेली पाहिजे, आणि तिच्यातही 'प्रदर्शन १७ जानेवारीपर्यंत खुले आहे, ११ रोजी बंद' ही ओळ दुसऱ्या परिच्छेदाच्या खाली जाऊ देऊ नका.

छापून आलेल्या बातमीत वेळ किंवा तारीख चुकली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच, ज्याने बातमी केली त्याला शांतपणे कळवा आणि बरोबर ओळ लिहून पाठवा. नावातल्या वेलांटीसाठी शुद्धिपत्र मागत बसू नका. तारखेसाठी जरूर मागा. तोवर गॅलरीच्या दारावर खऱ्या वेळा ठळक अक्षरांत लावा, आणि चुकीच्या वेळी आलेल्या माणसासाठी कुणीतरी आत असेल अशी सोय करा.